उंबरठ्यावरचं वाक्य

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी इंग्रजी उताऱ्यांचे प्रश्न शिकवते. एक प्रकारचा प्रश्न तिथे रोज कुणाचे ना कुणाचे गुण खातो. उतारा दिलेला असतो, त्यात तीन-चार ठिकाणी मोकळ्या जागा दाखवलेल्या असतात आणि एक सुटं वाक्य दिलेलं असतं. हे वाक्य कुठल्या जागी बसेल ते सांगायचं. एमबीएच्या प्रवेशासाठी असलेल्या कॅट परीक्षेच्या इंग्रजीच्या भागात हा प्रश्न गेल्या काही वर्षांपासून येतो. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चुकलं तर एक कापला जातो. परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या टोफेल या इंग्रजी परीक्षेच्या वाचन विभागातही चार काळ्या चौकोनांच्या रूपात तो वर्षानुवर्षं येत आला. बँकांच्या परीक्षांत तो थोड्या वेगळ्या पोशाखात भेटतो.

गंमत अशी की उतारा नीट समजलेली मुलंसुद्धा इथे चुकतात. म्हणजे अडचण अर्थ कळण्यात नसते, वाक्यं एकमेकांना कशी धरून असतात ते न दिसण्यात असते. तो सांधा बघायची सवय आधी आपल्या भाषेत लावली तर इंग्रजीत ती पटकन उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी पहिला उतारा मराठीतच देते, आणि तोही पुण्याच्या पाण्याचा:

"पुण्याची वस्ती वाढू लागली तसं नदीचं आणि विहिरींचं पाणी शहराला अपुरं पडू लागलं. (१) यावर उपाय म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, शहराच्या दक्षिणेला कात्रज इथे तलाव बांधण्यात आला. (२) तिथून शहरापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणला गेला. (३) हे पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांमधल्या हौदांमध्ये पोचत असे. (४) त्यांतल्या काळा हौद, बदामी हौद यांची नावं आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत."

बसवायचं वाक्य असं:

"कात्रज शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे त्यातून पाणी कुठल्याही यंत्राविना, केवळ उताराने वाहत येई."

पुढे वाचण्याआधी तुमचं उत्तर ठरवा. वर्गात निम्म्याहून जास्त हात दुसऱ्या जागेसाठी वर होतात. इंदापूरहून आलेल्या एका मुलीने मला विचारलंही, "मॅडम, कात्रजचं नाव आधीच्याच वाक्यात आहे. 'त्यातून' म्हणजे तलावातून. मग दोनच बरोबर ना?"

तिचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. 'त्यातून' या शब्दाला मागे कुणीतरी हवं, हे तिने ओळखलं होतं. तलाव पुल्लिंगी आणि एकवचनी, त्यामुळे तो चालतोही. पण नळसुद्धा पुल्लिंगी आणि एकवचनी आहे. 'त्यातून' तलावाला जसं लागू होतं तसं नळालाही होतं. म्हणजे नुसत्या सर्वनामावरून दुसरी आणि तिसरी अशा दोन जागा शिल्लक राहतात. मागे पाहून त्यांतली एक निवडता येत नाही, त्यासाठी पुढे पाहावं लागतं.

पुढे पाहायचं म्हणजे काय करायचं? सुटं वाक्य बाजूला ठेवायचं आणि उतारा आहे तसा सलग वाचायचा. "तिथून शहरापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणला गेला. हे पाणी शनिवारवाड्यात..." इथे पाय अडखळतो. हे पाणी म्हणजे कुठलं? आधीच्या वाक्यात नळ आहे, पाणी नाही. 'हे' म्हणायला ती वस्तू नुकतीच नजरेसमोरून गेलेली असावी लागते, आणि इथे ती गेलेलीच नाही. परिच्छेदातून एक वाक्य उचलून नेल्याची ही खूण आहे. आता तिसऱ्या जागी आपलं वाक्य ठेवून वाचा. नळ आला, त्यातून पाणी उताराने वाहत आलं, हे पाणी हौदांत पोचलं. अडखळ गेली.

दुसरी जागा आता आपोआप बाद होते. तिथे वाक्य ठेवलं तर नळ येण्याआधीच पाणी शहरात वाहू लागतं. शिवाय नंतरचं वाक्य 'तिथून' या शब्दाने तलावाला धरून उभं आहे, त्या दोघांच्या मध्ये आपण उगाच जाऊन बसतो. पहिल्या जागेचंही तसंच आहे. पाणी अपुरं पडणं आणि 'यावर उपाय' या दोघांनी एकमेकांचा हात धरलेला आहे. चौथ्या जागेची मात्र खास मराठी खूण बघा. मागे 'हौदांमध्ये' असं अनेकवचन आहे. हौदांबद्दल बोलायचं असतं तर सुट्या वाक्यात 'त्यांतून' असं अनुस्वारासह आलं असतं. आपल्या वाक्यात 'त्यातून' आहे. एका टिंबाने एक जागा कटते. आणि पुढचं 'त्यांतल्या' हे हौदांनाच चिकटलेलं आहे, तेही तोडून चालणार नाही.

जुन्या शास्त्रीपंडितांचा एक देहलीदीपन्याय आहे. देहली म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा माजघरातही उजेड देतो आणि ओसरीवरही. बसवायचं वाक्य हे उंबरठ्यावरचं वाक्य असतं. त्याला मागच्या वाक्याशी बोलायचं असतं आणि पुढच्याशीही. मुलं बहुतेक वेळा फक्त माजघराकडे पाहतात आणि उत्तर देऊन मोकळी होतात. प्रश्न तयार करणाऱ्याला हे माहीत असतं. त्यामुळे चुकीच्या पर्यायांपैकी एक तरी तो असा ठेवतो की मागचा सांधा अगदी झकास जुळतो आणि पुढचा तुटतो.

म्हणून मी मुलांना पाहण्याचा क्रम उलटा करायला सांगते. सुटं वाक्य एकदा वाचायचं आणि त्याला काय हवंय तेवढं मनात नोंदवायचं. मग ते सोडून द्यायचं. प्रत्येक मोकळ्या जागेच्या नंतरचं वाक्य कशाने सुरू होतंय ते पाहायचं. 'यावर', 'तिथून', 'त्यांतल्या' असा आकडा दिसला आणि तो लगेच मागच्या वाक्यात घट्ट अडकलेला असला, तर ती जागा बहुधा बंद. आकडा आहे पण मागे अडकायला काहीच नाही, तर ती जागा उघडी. आपल्या उताऱ्यात 'हे पाणी' हा एकच आकडा लोंबकळत होता. ज्या उताऱ्यात असा लोंबकळणारा आकडा सापडतो तिथे उत्तर मिळाल्यात जमा आहे, अर्थाची फार चिकित्सा करावी लागत नाही.

आता हीच नजर इंग्रजीकडे वळवू. इथे मराठी माणसाला एक आधार गमवावा लागतो. आपल्याकडे "तो आटला" म्हटलं की तलाव, "ती आटली" म्हटलं की विहीर आणि "ते आटलं" म्हटलं की पाणी. क्रियापदसुद्धा लिंग सांगतं. इंग्रजीत तिन्हींसाठी एकच 'इट' आहे आणि क्रियापद काहीच बोलत नाही. वाचताना आपण मनात भाषांतर करतो, 'इट'चं 'ती' करतो आणि मग नकळत मागची एखादी स्त्रीलिंगी वस्तू शोधतो, जी इंग्रजीत स्त्रीलिंगी नाहीच. मुलांची उत्तरं तपासताना ही चूक मला पुन्हा पुन्हा दिसली आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूंच्या बाबतीत लिंग विसरायचं आणि वचन घट्ट धरायचं. 'धिस' आणि 'इट' एकवचनी, 'दीज' आणि 'दे' अनेकवचनी. 'दे' माणसांनाही चालतं आणि धरणांनाही, हे ध्यानात असू द्या. 'दे' दिसल्याबरोबर माणसं शोधत बसणारी मुलं खूप आहेत.

दुसरी गोष्ट 'द'ची. मराठीत असा शब्दच नसल्यामुळे आपली नजर त्याच्यावरून घसरते. इंग्रजीत एखादी वस्तू पहिल्यांदा येते तेव्हा 'अ डॅम' म्हणतात, आणि ओळख झाल्यावर 'द डॅम'. सुट्या वाक्यात 'अ डॅम' असेल तर ते धरणाची ओळख करून देणारं वाक्य आहे, आणि नंतरच्या वाक्यातला 'द डॅम' त्याची वाट पाहत असेल. सुट्या वाक्यातच 'द डॅम' असेल तर धरण आधी येऊन गेलेलं असायला हवं. या खुणेला मर्यादा आहे. सूर्य, समुद्र अशा जगात एकच असणाऱ्या गोष्टींना 'द' पहिल्यापासून लागतो, आणि 'द डॅम दॅट...' अशी ओळख त्याच वाक्यात पुढे येत असेल तर मागे कुणी नसलं तरी चालतं. तरीही बाकी ठिकाणी 'अ' आणि 'द'ची ही खूण फार कामाची आहे.

सर्वनामापेक्षाही जास्त सांगणारी खूण म्हणजे 'धिस' आणि त्याला जोडून आलेलं नाम. 'धिस मेथड', 'दीज चेंजेस', 'सच अ डिले'. मराठीत आपण "ही पद्धत", "हे बदल", "एवढा उशीर" म्हणतो तसंच. असं नाम मागच्या पूर्ण वाक्याचं गाठोडं बांधतं. 'दीज चेंजेस' आलं तर मागे किमान दोन बदल सांगितलेले हवेत, नुसती दोन ठिकाणांची नावं पुरणार नाहीत. 'धिस प्रॉब्लेम' आलं तर मागे जे आहे ते लेखकाच्या दृष्टीने अडचण आहे, कौतुक नाही. गाठोड्यावर लिहिलेलं नाव आणि मागचा ऐवज जुळतो का, एवढं पाहायचं.

आता जोडशब्दांकडे येऊ. 'हाउएव्हर' म्हणजे विरोध, 'देअरफोर' म्हणजे परिणाम, 'फॉर एक्झाम्पल' म्हणजे उदाहरण, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण पाठ असून भागत नाही, कारण विरोध नेमका कुठल्या दोन गोष्टींमध्ये आहे हे जोडशब्द सांगत नाही, ते आपल्याला काढावं लागतं. यासाठी दुसरा उतारा घेऊ. हा पुण्याखालच्या खडकाचा आहे:

"पुणे ज्या काळ्या खडकावर वसलंय तो लाव्हा थंड होऊन बनलेला आहे. हा खडक इतका घट्ट असतो की पावसाचं पाणी त्यात सहजासहजी मुरत नाही. (१) बरंचसं पाणी उतारावरून ओढ्यांना जाऊन मिळतं. (२) भेगांमधून आणि दोन थरांच्या सांध्यांमधून काही पाणी खाली झिरपतं. (३) विहिरींना लागतं ते हेच पाणी."

बसवायचं वाक्य: "मात्र हा घट्टपणा सगळीकडे सारखा नसतो."

'हा घट्टपणा' हे गाठोडं आहे आणि त्यातला ऐवज 'इतका घट्ट' या शब्दांत सापडतो. तो पहिल्या जागेच्या अगदी लगेच मागे आहे. गाठोड्याचा नियम शिकलेलं मूल इथे खुशीने पहिली जागा निवडतं. आता पुढे पाहा. "मात्र हा घट्टपणा सगळीकडे सारखा नसतो. बरंचसं पाणी उतारावरून ओढ्यांना जाऊन मिळतं." घट्टपणा कमी-जास्त आहे म्हणून पाणी वाहून जातं का? उलट आहे, घट्ट आहे म्हणूनच ते वाहून जातं. पाणी मुरत नाही, म्हणून ओढ्याला जातं, अशी कारण आणि परिणामाची ही जोडी आहे. त्यांच्यामध्ये 'म्हणून' हा शब्द छापलेला नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात तो असतो. न छापलेला सांधासुद्धा तोडायचा नसतो.

दुसरी जागा पाहा. आधी बरंचसं पाणी वाहून गेलं, नंतर काही पाणी झिरपतं. वारा इथे पालटतो आणि 'मात्र'ची गरज इथेच आहे. घट्टपणाचा उल्लेख एक वाक्य मागे राहिला खरा, पण मधलं वाक्य त्याच घट्टपणाचा परिणाम सांगणारं आहे, त्यामुळे विषय बदललेला नाही. उत्तर दुसरी जागा. तिसऱ्या जागी वाक्य ठेवलं तर 'हेच पाणी' झिरपणाऱ्या पाण्यापासून तुटतं.

हा उतारा मी मुद्दाम देते, कारण "सर्वनाम लगेच मागच्या वाक्याला लागतं" हा नियम मुलं जरा जास्तच मनावर घेतात. नुसता 'इट' किंवा 'दे' असेल तर तो बहुधा जवळच्याच वस्तूला लागतो. पण 'हा घट्टपणा' असं नावासकट गाठोडं असेल तर ते एखादं वाक्य ओलांडून मागे जाऊ शकतं, नाव सोबत असल्यामुळे वाचणारा हरवत नाही. जवळचा सांधा आणि विचाराचा सांधा यांच्यात भांडण लागलं तर मी विचाराच्या बाजूने उभी राहते.

जोडशब्दांत आणखी एक बारीक शब्द आहे, आपला 'ही'. "विहिरींचंही पाणी आटलं" आणि "विहिरींचं पाणीही आटलं" ही वाक्यं वरवर सारखी दिसतात. पहिल्याच्या मागे दुसरं कुणीतरी, समजा नदी, आधीच आटलेली हवी. दुसऱ्याच्या मागे विहिरींचंच आणखी काहीतरी बिघडलेलं हवं, समजा कठडे ढासळले, गाळ साचला. 'ही' कुठल्या शब्दाला चिकटलाय त्यावर मागे काय हवं ते ठरतं. इंग्रजीतला 'ऑल्सो' असा शब्दाला चिकटत नाही. वाक्यात मध्ये कुठेतरी उभा राहतो आणि तो नेमकं कशात भर घालतोय ते संदर्भावरून ठरवावं लागतं. सुट्या वाक्यात 'ऑल्सो' दिसला की मी मनात त्याचं मराठी करून पाहते आणि 'ही' कुठे चिकटवावा लागतो ते तपासते. 'इट'च्या बाबतीत भाषांतर धोका देतं, इथे तेच मदतीला येतं.

सर्वांत मोठा सापळा मात्र यापेक्षा साधा आहे. सुट्या वाक्यात 'पाणी' आहे, म्हणून उताऱ्यात जिथे 'पाणी' दिसेल तिथे ते चिकटवायचं. कात्रजच्या उताऱ्यात पहिल्या वाक्यात पाणी आहे म्हणून पहिली जागा निवडणारीही मुलं भेटतात. शब्द जुळणं म्हणजे विषय जुळणं, आणि विषय तर अख्ख्या उताऱ्याचा एकच असतो. त्याने जागा ठरत नाही. तुमचं कारण "इथे तोच शब्द आहे" एवढंच असेल तर थांबा आणि पुढचं वाक्य पुन्हा वाचा.

कधीकधी सुट्या वाक्यात सर्वनाम नसतं, जोडशब्द नसतो, गाठोडंही नसतं. तेव्हा वाक्य किती व्यापक आहे ते पाहायचं. सगळ्या परिच्छेदाला कवेत घेणारं विधान बहुधा तपशील सुरू होण्याआधी येतं किंवा तपशील संपल्यावर. एखादा नेमका तपशील असेल तर तो ज्या विधानाचा आहे त्याच्या पाठोपाठ येतो. हा आधार सर्वनामाइतका पक्का नाही, पण आधीच्या पद्धतीने दोन जागा बाद झालेल्या असल्या की उरलेल्या दोनांत निवड करायला पुरतो. आणि शेवटी, उत्तरावर खूण करण्याआधी, मागचं वाक्य, आपलं वाक्य आणि पुढचं वाक्य अशी तिन्ही सलग मनात वाचायची. याला दहा सेकंद लागतात. दोनच वाक्यं वाचून खूण करणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

सरावासाठी पुस्तकं आहेतच, पण आमच्या अभ्यासिकेत मुलं जोडीने एक वेगळं काम करतात. एकाने वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्यायचा, मधल्या परिच्छेदातलं एक वाक्य काढून वेगळ्या कागदावर लिहायचं आणि उरलेला परिच्छेद सलग उतरवून जोडीदाराला द्यायचा. जोडीदाराने जागा सांगायची आणि कुठल्या दोन शब्दांवरून ओळखली तेही सांगायचं, एक मागचा आणि एक पुढचा. एकच शब्द सांगता आला तर उत्तर बरोबर असूनही आम्ही ते धरत नाही. वाक्य काढणाऱ्याचा सराव याहून चांगला होतो, असं मला दिसलंय. कुठलं वाक्य काढावं हे ठरवताना त्याला कळतं की काही वाक्यं काढली तरी परिच्छेदाला पत्ता लागत नाही, मागचं पुढच्याला आपसूक मिळतं. अशा वाक्यावर प्रश्न होऊच शकत नाही. मग तो शोधत राहतो, आणि "हे पाणी" सारखा आकडा ज्याच्या पाठीला अडकलाय असं एक वाक्य त्याला सापडतं.